मटकीचे मोड आणि तीन नळ्या: प्रकल्पाच्या नोंदी

१ डिसेंबर

बारावीच्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी विषय आणला तो नेहमीचाच: 'अन्नपदार्थांतील प्रथिने, पिष्ट व शर्करा ओळखणे'. बटाटा, दूध, अंडं, ग्लुकोज, चार खूणा आणि संपलं. मी म्हटलं, दहा पदार्थ एकेकदा तपासण्यापेक्षा एकच पदार्थ दहादा तपासा, आणि तोही बदलणारा. घरी सासूबाईंनी मटकी भिजत घातली होती, तीच डोळ्यांसमोर होती. कोरडी मटकी आणि मोड आलेली मटकी यांत रसायनांना काही फरक दिसतो का, एवढाच प्रश्न ठेवला.

आज नुसती कोरडी मटकी घेतली. मिक्सरमध्ये पीठ केलं, १० ग्रॅम पीठ १०० मिली पाण्यात टाकून पाच मिनिटं उकळलं. मुलींचा बेत असा की हा अर्क गाळायचा आणि त्याचेच तीन वाटे करून तीन परीक्षा उरकायच्या: पिष्ट म्हणजे स्टार्च असेल तर आयोडीन निळं, साखर असेल तर बेनेडिक्ट हिरवं ते विटकरी, प्रथिन असेल तर बाययुरेट जांभळं. झालं असं की बीकरात अर्क नव्हे, पेज तयार झाली. गाळणकागदावर ओतली तर वर साय धरल्यासारखा थर बसला आणि खाली तासाभरात जेमतेम सात मिली थेंबथेंब आलं.

त्या सात मिलीवर निकाल:
आयोडीन: गर्द निळा, जवळजवळ काळा.
बेनेडिक्ट: उकळल्यावर मळका, किंचित जांभळट निळा. हिरवा म्हणावा की नाही यावर दोघींचं भांडण.
बाययुरेट: निळा.

तिसरा निकाल उघडच चूक आहे. मटकीत शंभर ग्रॅममागे २३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तिला बाययुरेट जांभळं होत नसेल तर दोष मटकीचा नाही.

२ डिसेंबर

आज मटकीला हात लावला नाही. आधी बाटल्या तपासल्या.

बाययुरेटसाठी तीन नळ्या घेतल्या. पहिलीत साधं पाणी, दुसरीत अंड्याचा पांढरा बलक मिठाच्या पाण्यात पातळ करून, तिसरीत कालचा उरलेला मटकीचा अर्क. प्रत्येकीत २ मिली नमुना आणि २ मिली दहा टक्के कॉस्टिक सोडा. तो नीट मिसळल्यावर एक टक्का मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, द्रावण ड्रॉपरने थेंबथेंब. पाण्यात फिकट निळा कापसासारखा साका आला, तो तांब्याचा हायड्रॉक्साइड, तसाच यायला हवा. अंड्यात तिसऱ्या थेंबालाच स्वच्छ जांभळा. म्हणजे बाटल्या ठीक आहेत. मटकीच्या नळीत तिसऱ्या थेंबाला अगदी पुसट जांभळी छटा दिसली, सातव्या थेंबाला ती निळ्यात बुडाली.

"काल किती थेंब टाकलेत?" असं विचारलं तर एकीने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, थेंब नाही, थोडंसं ओतलं."

ही एक चूक. जांभळा रंग तांबं आणि प्रथिन यांच्या जोडीचा असतो. प्रथिन थोडं आणि तांबं भरपूर असेल तर उरलेल्या तांब्याचा निळा वरचढ ठरतो. म्हणून या परीक्षेत मोरचूद कंजूसपणे घालायचं, तीन ते पाच थेंब, आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरून बघायची.

पण नुसत्या मोरचुदावर सगळं ढकलता येत नाही, कारण तिसऱ्या थेंबालाही छटा पुसटच होती. खरी चूक आधीची आहे. आपण पीठ उकळलं. उकळल्यावर प्रथिनं गोठली, अंडं उकडल्यावर होतं तसंच, आणि गाळणकागदावर जी साय धरली होती तिच्यात ती अडकली. खाली आलं ते प्रथिनं काढून घेतलेलं पाणी. आपण त्याच पाण्याला विचारत होतो, प्रथिनं आहेत का!

एका मुलीचा प्रश्न चांगला होता: या बाटलीत बाययुरेट कुठे आहे? नाहीच. सोडा आणि मोरचूद, एवढंच. नाव पडलं ते एका वेगळ्या पदार्थावरून. तो करून दाखवला: कोरड्या नळीत चमचाभर युरिया मंद आचेवर तापवला. तो वितळला, अमोनियाचा वास नाकात गेला (खिडक्या उघड्या होत्या तरी), मग पुन्हा घट्ट झाला. थंड झाल्यावर पाण्यात विरघळवून सोडा आणि दोन थेंब मोरचूद घातलं. छान गुलाबी-जांभळा. युरियाचे दोन रेणू जोडून झालेला हा बाययुरेट. त्यात प्रथिन नाही, पण प्रथिनांच्या साखळीत असतो तसा कार्बन-नायट्रोजनचा बंध आहे, आणि तांबं त्या नायट्रोजनांना धरतं. साध्या युरियाच्या द्रावणाला हा रंग येत नाही. बंध किमान दोन लागतात, म्हणून सुटी अमिनो आम्लंही या परीक्षेत सहसा गप्प बसतात.

४ डिसेंबर

ठरलं ते असं: एक अर्क तिन्ही परीक्षांना चालत नाही. स्टार्च बाहेर काढायचं तर उकळावं लागतं, प्रथिनं काढायची तर उकळायचं नाही, आणि साखर बघायची तर या दोघांना नळीतच येऊ द्यायचं नाही. तेव्हा एकाच मटकीच्या तीन वेगळ्या तयाऱ्या.

प्रथिनांसाठी: २ ग्रॅम पीठ २० मिली मिठाच्या पाण्यात (शंभर मिलीला ३ ग्रॅम मीठ), अर्धा तास मधूनमधून ढवळत, थंडच. कडधान्यांची बरीचशी प्रथिनं नुसत्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात चांगली विरघळतात. मग पंचातून गाळून नळीत उभं ठेवलं. स्टार्चचे पांढरे कण तळाला बसले, वरचं गढूळसर पाणी घेतलं.

इथे आणखी एक गंमत. सोडा घातल्याबरोबर, मोरचूद घालायच्या आधीच, अर्क पिवळा झाला. मटकीच्या सालातला रंग अल्कात खुलतो. त्यावर जांभळा आला की मिळून तपकिरी दिसतो आणि मुली 'निगेटिव्ह' लिहून मोकळ्या होतात. उपाय साधा आहे: अर्क आणि सोडा घालून, मोरचूद न घालता एक नळी शेजारी ठेवायची. तिच्याशी ताडून पाहिल्यावर दुसरीतला जांभळा कुणालाही दिसला. चार थेंबांत.

स्टार्चसाठी: १ ग्रॅम पीठ १०० मिली पाण्यात उकळून, न गाळता, पूर्ण थंड करून. गरम असताना आयोडीन टाकलं तर रंग येत नाही, नळाखाली धरली की येतो. मुलींनी तीच नळी चारदा गरम-थंड करून पाहिली, मीही थांबवलं नाही. स्टार्चची सरळ साखळी, म्हणजे अमायलोज, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि आयोडीन तिच्या पोकळीत ओळीने बसतो तेव्हा निळा दिसतो. उष्णतेने तो तिथून निसटतो. आमचं आयोडीन म्हणजे १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिली पाणी, आणि ते वापरताना दहापट पातळ, फिकट चहासारखं. दाट वापरलं तर त्याच्या स्वतःच्या तपकिरीतच सगळं झाकतं.

साखरेसाठी: स्पिरिट. ८० टक्के अल्कोहोलमध्ये साखरा विरघळतात, स्टार्च आणि बहुतेक प्रथिनं मागे राहतात. १० ग्रॅम पीठ, ५० मिली अल्कोहोल, गरम पाण्याच्या भांड्यात बीकर ठेवून अर्धा तास. वरचं ओतून घेतलं, पुन्हा एकदा तेच केलं. दोन्ही एकत्र करून गरम पाण्यावरच अल्कोहोल उडवलं आणि उरलेलं पाण्याने बरोबर २० मिली केलं. बर्नर पेटवलेला नाही, पाणी विजेच्या शेगडीवर तापवलं आणि ती खिडकीजवळ ठेवली. या पायरीला मी स्वतः उभी होते.

बेनेडिक्टची नळी या अर्काने प्रथमच स्वच्छ हिरवी झाली. १ तारखेचा तो मळका जांभळटपणा गेला. तो कशाचा होता हे आता मुलींनी स्वतःच सांगितलं: बेनेडिक्टमध्येही तांबं आहे आणि अल्कही आहे, म्हणजे प्रथिन आत आलं की तिथे लहानसं बाययुरेट घडतंच.

५ ते ८ डिसेंबर

मोडांची तयारी घरी. पाच पुरचुंड्या, प्रत्येकीत मोजून १० ग्रॅम कोरडी मटकी. एक कोरडीच. बाकी चार वेगवेगळ्या रात्री भिजत घातल्या, म्हणजे ९ तारखेला सकाळी एक नुसती भिजलेली, एक एका दिवसाची, एक दोन आणि एक तीन दिवसांची अशी मिळेल. रसायन एकच, दिवस एकच, बघणारे डोळे तेच.

सासूबाईंना हा हिशेब पटला नाही. "दहा ग्रॅमची मटकी? तेवढ्यात उसळ कुणाला पुरते गं?" पण थंडीत मोड येत नाहीत म्हणून पुरचुंड्या त्यांनीच जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवल्या.

भिजवण्याआधी वजन करण्याचं कारण नोंदवून ठेवते, कारण मुलींच्या पहिल्या कच्च्या योजनेत 'मोड आलेली मटकी १० ग्रॅम' असं होतं. ९ तारखेला वजनं आली ती अशी: भिजलेली २१ ग्रॅम, तीन दिवसांची २७ ग्रॅम. म्हणजे मोडांतले १० ग्रॅम घेतले असते तर त्यात मूळ मटकी चार ग्रॅमच्याही आतच, बाकी पाणी. सगळंच निम्म्याहून कमी दिसलं असतं आणि आम्ही 'मोड आल्यावर प्रथिनं घटतात' असं लिहून बसलो असतो.

९ डिसेंबर

आज दिवसभर प्रयोगशाळेतच. मोडांची पुरचुंडी सरळ गरम स्पिरिटमध्ये टाकून खलात कुटली. दोन कारणं: एक, आत जिवंत असलेली विकरं तिथल्या तिथे मरतात, नाहीतर कुटता कुटताच स्टार्चची साखर करत राहतील. दुसरं, मोडांत पंधरा-सतरा मिली पाणी आधीच आहे. म्हणून तिथे ८० टक्क्यांचं नाही, ९५ टक्क्यांचं घेतलं. मोडांतलं पाणीच ते खाली आणतं. पुढे सगळ्यांचा अर्क २० मिली.

रंग डोळ्यांनी जोखण्यासाठी ग्लुकोजची शिडी केली: ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के. प्रत्येक नळीत ५ मिली बेनेडिक्ट आणि अर्धा मिली नमुना, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, सगळ्या एकत्र आत आणि एकत्र बाहेर. हे प्रमाण मोडलं की शिडी निरुपयोगी. तोच नमुना दोन मिली घातला तर हिरव्याचा सरळ विटकरी होईल.

कोरडी: फिकट हिरवी, ०.२५ च्या शेजारची.
भिजलेली: तीच, कदाचित किंचित जास्त.
एक दिवस: हिरवट पिवळी, ०.५ आणि १ च्या मध्ये.
दोन दिवस: नारिंगी, १ आणि २ च्या मध्ये.
तीन दिवस: २ च्या शेजारची, तळाला विटकरी गाळ.

गाळ म्हणजे क्युप्रस ऑक्साइड. साखरेने तांब्याला इलेक्ट्रॉन दिला, निळं तांबं लाल झालं. निळं किती उरलं आणि लाल किती झालं यांच्या मिश्रणावर हिरवा, पिवळा, नारिंगी ठरतो.

हिशेब मुलींकडून करून घेतला. कोरडीत ०.२५ टक्के, म्हणजे २० मिलीत ०.०५ ग्रॅम, तेही १० ग्रॅम मटकीतून आलेलं. शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅम. तीन दिवसांच्या मोडांत २ टक्के म्हणजे ०.४ ग्रॅम, शंभर ग्रॅम मूळ मटकीला चार ग्रॅम. आठपट. डोळ्यांनी जोखलेला आकडा आहे, तो चाराचा तीन किंवा पाच असू शकतो, पण अर्धा नक्की नाही.

बाययुरेट पाचही नळ्यांत जांभळं. कुठलं गडद यावर तिघींची तीन मतं पडली, तेव्हा 'फरक सांगता येत नाही' असंच लिहिलं.

आणि आयोडीन. मुलींची खात्री होती की साखर वाढली म्हणजे स्टार्च घटलं असणार, तीन दिवसांची नळी फिकी पडेल. पाचही नळ्या सारख्याच काळ्या. मग निम्म्यानं पातळ करत गेलो: २ पट, ४, ८, असं. कोरडी आणि तीन दिवसांची, दोन्ही ६४ पटीपर्यंत निळ्या राहिल्या आणि १२८ ला दोन्ही विरल्या. या पद्धतीत स्टार्च निम्मं झालं तरच एक पायरी सरकते. पन्नासाचं चाळीस झालं तर आयोडीनला त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणजे साखर आली, पण ती स्टार्चमधूनच आली असं आपण अजून दाखवलेलं नाही.

११ डिसेंबर

मुलींना आज दुसरा उमेदवार दाखवला. कोरड्या कडधान्यात सुक्रोज असतं, आणि त्याच्या जोडीला रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बॅस्कोज. उसळ खाल्ल्यावर पोटात गुबारा धरतो त्याचं खापर यांच्यावर. यांची क्षपण करणारी, म्हणजे तांब्याला इलेक्ट्रॉन देणारी, टोकं एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून बेनेडिक्टला या साखरा दिसतच नाहीत. चहाची साखर घातलेली नळी निळीच राहते, तसं.

कोरड्या मटकीचा २ मिली अर्क, पाच थेंब सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. थंड करून फसफसणं थांबेपर्यंत चिमटीचिमटीने खायचा सोडा. हा सोडा विसरला तर आम्ल बेनेडिक्टमधलं अल्क खातं आणि रंगावर भरवसा राहत नाही. तोच प्रकार तीन दिवसांच्या अर्काचा.

कोरडी: आम्लाआधी फिकट हिरवी, आम्लानंतर नारिंगी.
तीन दिवसांची: आधी विटकरी, नंतरही विटकरी, फारसा फरक नाही.

म्हणजे कोरड्या दाण्यात साखर होती, पण कुलूपबंद. मोड येताना दाण्याची विकरं तेच कुलूप उघडतात जे आम्ही आम्लाने उघडलं. 'कोरड्या मटकीत साखर नाही' हे वाक्य मुलींनी वहीतून खोडलं आणि तिथे 'क्षपणकारी साखर अत्यल्प' असं लिहिलं. तिन्ही परीक्षांत मला हा सगळ्यात मोलाचा खुलासा वाटतो: बेनेडिक्ट साखर ओळखत नाही, साखरेचं मोकळं टोक ओळखतं.

१३ डिसेंबर

मग स्टार्चला मोडांत काहीच होत नाही का? दाण्यातलं स्टार्च इतकं जास्त आहे की घट दिसत नाही, म्हणून उलटं केलं: स्टार्च आमचं, मोजकं, विकर मोडांचं.

तीन दिवसांचे मोड थंड पाण्यात कुटून पंचातून गाळले, स्टार्चचे कण बसू दिले. वरच्या पाण्याचे दोन भाग केले, एक तसाच, एक पाच मिनिटं उकळून थंड केलेला. प्रत्येकी २ मिली, एक टक्का स्टार्चच्या १० मिली खळीत. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंशांत. चिनीमातीच्या पांढऱ्या टाइलच्या खळग्यांत आयोडीनचा एकेक थेंब आधीच मांडून ठेवला आणि दर पाच मिनिटांनी नळीतला एक थेंब त्यात.

उकळलेल्या बाजूची रांग शेवटपर्यंत निळी. कच्च्या बाजूची पहिले दोन थेंब निळे, मग जांभळट, पंचविसाव्या मिनिटाला लालसर तपकिरी, पंचेचाळिसाव्याला नुसता आयोडीनचा चहाचा रंग. साखळी तुकड्यातुकड्याने लहान होत गेली की तिच्या पोकळीत आयोडीनची लांब ओळ बसत नाही, आणि निळा जांभळ्यात, जांभळा तपकिरीत उतरतो. दोन रांगा शेजारी मांडलेली ती टाइल कुणी धुऊ नये म्हणून मुलींनी वर वही झाकून ठेवली होती. फोटो काढल्यावरच उचलू दिली.

त्या शेवटच्या नळीला बेनेडिक्टही केलं: पिवळा. उकळलेल्या बाजूची फिकट हिरवी, तेवढी साखर मोडांच्या पाण्यातून आलीच होती. ही नळी आयत्या वेळी सुचली नसती तर पिवळ्याचं सगळं श्रेय स्टार्चला दिलं गेलं असतं.

बेनेडिक्टच्या नळ्यांना आतून लाल पापुद्रा चिकटला होता. तो ब्रशने निघत नाही, सौम्य आम्लाने निघतो. तांब्याचं उरलेलं पाणी मोरीत नाही, डब्यात. अहवाल सोमवारपर्यंत. तिघींच्या मतांत न जुळलेला बाययुरेटचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता. तिथे 'डोळ्यांनी सांगता येत नाही' असंच राहू द्या म्हटलं.